लाईन गेली तर बिल निघते का? कृषी केंद्रांसाठीच्या सॉफ्टवेअरचं पत्रक नव्याने लिहितानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमरावतीतली ही एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी. चारपाच जणांची टीम, बिलिंग आणि साठ्याचं एकच सॉफ्टवेअर. गिऱ्हाईक ठरलेलं: यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांतली कृषी केंद्रं. कंपनीचं, दुकानांचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही; ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. कंपनीच्या पत्रकाचा मजकूर नव्याने मांडण्यासाठी मला बोलावलं होतं, त्यामुळे यातलं बरंचसं जवळून पाहिलेलं आहे.

कृषी केंद्राचा हिशोब बाहेरून दिसतो त्यापेक्षा किचकट असतो. एकाच बिलात बियाणं करमुक्त, रासायनिक खतावर ५ टक्के आणि कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी. खत विकताना शेतकऱ्याचा अंगठा पॉस मशीनवर घ्यायचा, आणि दुकानाचं बिल वेगळं फाडायचं. बियाण्याच्या बिलावर वाण आणि लॉट नंबर हवाच, कारण उगवण झाली नाही तर शेतकऱ्याची तक्रार त्या बिलावरच उभी राहते. औषधाची मुदत पाहायची, साठा रजिस्टर लिहायचं, भावफलक रोज बदलायचा. त्यात मोठा भाग उधारीचा. जूनमध्ये नेलेल्या बियाण्याचे पैसे कापूस विकल्यावर, म्हणजे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत येतात.

सॉफ्टवेअर ही सगळी कामं बऱ्यापैकी करत होतं. ज्यांनी घेतलं ते ते सोडत नव्हते. पण नवं दुकान मिळवणं फार जड जात होतं.

अडचण

कंपनीचं जुनं पत्रक चकचकीत होतं. त्यावर सात मुद्दे होते. त्यांतले चार असे: ‘रिअल-टाइम क्लाउड सिंक’, ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड डेटा’, ‘रोल-बेस्ड ॲक्सेस कंट्रोल’, ‘किफायतशीर सबस्क्रिप्शन मॉडेल’. विक्रीसाठी फिरणारा मुलगा हे वाचून दाखवायचा, दुकानदार मान हलवायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, “सीझन झाल्यावर पाहू.”

कंपनीच्या मालकांचा समज असा, की गावाकडच्या लोकांना कॉम्प्युटरची भीती वाटते. मला ते पटलं नाही. हेच दुकानदार पॉस मशीन चालवत होते, मोबाईलवर बँकेचे व्यवहार करत होते, कंपन्यांच्या ॲपवरून माल मागवत होते. ते भीत नव्हते. त्यांना विकत घेण्याआधी जे जाणून घ्यायचं होतं, ते पत्रकात कुठेच नव्हतं. आणि जे पत्रकात होतं त्यावर प्रश्न विचारणं म्हणजे आपल्याला कळत नाही हे पोराच्या वयाच्या माणसापुढे कबूल करणं. म्हणून “सीझन झाल्यावर पाहू.”

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मालकांनी स्वतःच सुचवला: सगळं शुद्ध मराठीत करा. एक नमुना तयारही झाला होता. त्यात क्लाउडला ‘मेघ’, सिंकला ‘समक्रमण’ आणि एन्क्रिप्शनला ‘कूटबद्धीकरण’ होतं. दारव्हा रोडवरच्या एका दुकानात तो वाचून पाहिला. तिथल्या काकाजींनी तो शांतपणे खाली ठेवला आणि इंग्रजी पत्रक परत मागितलं. ‘बॅकअप’ हा शब्द त्यांनी मोबाईलमध्ये पाहिलेला होता. ‘समक्रमण’ कुठेच पाहिलेला नव्हता.

दुसरा पर्याय रोजच्या वस्तूची उपमा देण्याचा. विक्रीच्या मुलाला हा मनापासून आवडला होता. “क्लाउड म्हणजे बँकेचं लॉकर,” असं तो सांगायचा. ऐकायला छान वाटतं. पण लगेच प्रश्न यायचे: मग चावी कोणाकडे? बँक बंद असली तर? लॉकरमध्ये ठेवलं की घरी काही उरत नाही, तसं माझ्या कॉम्प्युटरमधून सगळं निघून जाते का? प्रत्येक प्रश्न रास्त होता आणि प्रत्येक ठिकाणी उपमा चुकीच्या दिशेला नेत होती, कारण इथे दुकानातल्या कॉम्प्युटरवरही हिशोब राहतो आणि सर्व्हरवर त्याची दुसरी प्रत जाते. लॉकर समजावण्यातच वेळ जायचा.

तिसरा पर्याय: शब्दच नकोत, स्क्रीनचा व्हिडिओ दाखवा आणि किंमत सांगा. हा पर्याय वाईट नव्हता, आणि व्हिडिओ नंतर केलाही. पण व्हिडिओत बिल कसं निघतं ते दिसतं. कॉम्प्युटर बिघडला तर काय होतं ते दिसत नाही. आणि घेण्या-न घेण्याचा निर्णय त्यावरच अडलेला होता.

चौथा पर्याय वेळखाऊ होता: दुकानदार खरोखर काय विचारतात ते आधी गोळा करायचं आणि पत्रक म्हणजे फक्त त्या प्रश्नांची उत्तरं, असं लिहायचं. शेवटी हाच निवडला. मार्च ते मे या मोकळ्या काळात विक्रीच्या मुलाने प्रत्येक दुकानात एकच काम करायचं ठरलं. विकायचं नाही, प्रश्न ऐकायचे आणि जसेच्या तसे, त्याच बोलीत, वहीत उतरवायचे. ‘दुकानदाराला डेटा सुरक्षेची काळजी आहे’ असं लिहिलेलं चालणार नव्हतं. “माहा हिशोब जीएसटीवाल्याले दिसते का?” असंच लिहायचं होतं.

काय केलं, आणि लिहिताना काय उघड झालं

वहीत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न फारच थोडे निघाले. लाईन नाही, नेट नाही, त मंग बिल निघते का? नोकराले उधारीची यादी दिसते का? माहा हिशोब आणखी कोणाले दिसते? दरवर्षी पैसे काहून, एकदा घेतलं की आपलं नाही का? या चार प्रश्नांची उत्तरं जुन्या पत्रकातल्या चार शब्दांमागेच दडलेली होती. ती बाहेर काढणं म्हणजे भाषांतराचं काम असेल असं सगळ्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात दोन ठिकाणी कंपनीला आपलं सॉफ्टवेअर आणि आपले नियमच तपासावे लागले.

सगळ्यात आधी ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड’. “माहा हिशोब आणखी कोणाले दिसते?” या प्रश्नाचं साधं उत्तर लिहायला घेतलं तेव्हा मी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला विचारलं, “तुमच्या ऑफिसातल्या माणसाला या दुकानाची उधारी दिसू शकते का?” तो म्हणाला, हो, डेटाबेस उघडला तर दिसते, पासवर्ड विसरला तर आम्हीच बदलून देतो, आणि रिपोर्ट सर्व्हरवरच तयार होतात. मग ते एंड-टू-एंड नव्हतंच. दुकानातून सर्व्हरपर्यंत जाताना मजकूर बंदिस्त असतो, वाटेत कोणी वाचू शकत नाही, हे खरं. पण सर्व्हरवर कंपनीच्या हातात तो उघडता येतो. एंड-टू-एंड म्हणायचं तर मधल्या कंपनीलाही तो उघडता येता कामा नये. हा शब्द कोणीतरी दुसऱ्या ॲपवर पाहून, चांगला दिसतो म्हणून पत्रकात घातला होता. दोन वर्षं तो तिथे होता आणि कोणीच हटकलं नव्हतं, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणालाच तो कळत नव्हता.

नव्या पत्रकात उत्तर असं झालं:

“तुमचा हिशोब दुसऱ्या दुकानदाराला दिसत नाही. वाटेत कोणी वाचू शकत नाही. आमच्या ऑफिसातले दोन जण तो उघडू शकतात, पण तुम्ही फोन करून दुरुस्ती सांगितली तरच उघडतात, आणि कधी उघडला त्याची नोंद तुम्हाला स्क्रीनवर दिसते. जीएसटीसाठी सॉफ्टवेअर आपणहून काहीही पाठवत नाही. तुम्ही बटन दाबलं की फाइल तयार होते. ती तुमचे कर सल्लागार भरतात. कायद्याने मागणी आली तर आम्हालाही माहिती द्यावी लागेल.”

शेवटच्या वाक्यावर बरीच चर्चा झाली. मालकांना ते गिऱ्हाईक पळवणारं वाटत होतं. मी ते ठेवायचा आग्रह धरला, कारण प्रश्न विचारणारा माणूस नेमकं तेच विचारत होता. वाक्य राहिलं. आणि ‘कधी उघडला त्याची नोंद’ ही सोय तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. हे वाक्य छापता यावं म्हणून ती आधी तयार केली गेली.

दुसरं ‘सबस्क्रिप्शन’. “वर्षाचे पैसे भरले नाहीत तर काय होतं?” हा प्रश्न कंपनीत विचारला तेव्हा तिघांनी तीन उत्तरं दिली. विक्रीचा मुलगा सांगत होता, “काही होत नाही काकाजी, महिनाभर चालते.” मालकांच्या मते नवीन बिल बंद होत असावं. बनवणाऱ्याने तपासून सांगितलं, की मुदत संपली की लॉगिनच बंद होतं. जुनी बिलं, उधारी, साठा, काहीच दिसत नाही. म्हणजे जानेवारीत, ऐन वसुलीच्या दिवसांत कोणाची मुदत संपली तर त्याची उधारीची वहीच कंपनीच्या ताब्यात. हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं. एकदा प्रोग्राम लिहिताना सोपं पडलं म्हणून तसं झालं होतं, आणि ‘सबस्क्रिप्शन मॉडेल’ या शब्दाखाली ते झाकलं गेलं होतं.

इथे कंपनीने नियमच बदलला. मुदत संपल्यावर नवीन बिल होत नाही, पण जुना सगळा हिशोब पाहता येतो, छापता येतो आणि एक्सेल फाइलमध्ये काढून नेता येतो. पत्रकात हे तीन वाक्यांत आलं, पुढे वर्षाचा पूर्ण आकडा करासकट. ‘किफायतशीर’ हा शब्द काढला. आकडा समोर असताना त्याची गरज नव्हती.

‘रोल-बेस्ड ॲक्सेस’चं काम सोपं निघालं: “नोकराला बिल करता येतं. बिल खोडता येत नाही, भाव बदलता येत नाही, आणि उधारीची यादी दिसत नाही.” गावात कोणाकडे किती थकलंय ही फार नाजूक बाब असते, त्यामुळे हे वाचल्यावर लोक पत्रक पुन्हा वर उचलायचे.

काही इंग्रजी शब्द मात्र मुद्दाम ठेवले. दुकानदाराला उद्या स्क्रीनवर जो शब्द दिसणार आहे तो पत्रकात आलाच पाहिजे, नाहीतर पत्रक वाचून घेतलेला माणूस पहिल्याच दिवशी अडतो. म्हणून नेटच्या उत्तरात असं लिहिलं: “नेट नसलं तरी बिल निघतं. लाईन गेली तर लॅपटॉपची बॅटरी किंवा इन्व्हर्टर असेपर्यंत निघतं. न गेलेल्या बिलांचा आकडा वर कोपऱ्यात `Sync Pending` असा दिसतो. नेट आलं की तो शून्यावर येतो.”

पत्रक तपासलं कसं

“समजलं का?” असं विचारायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. त्याचं उत्तर नेहमी “हो” असतं. त्याऐवजी पत्रक वाचायला देऊन एक प्रसंग सांगायचा आणि काय होईल ते समोरच्याने सांगायचं: “समजा, चार दिवस नेट नाही आणि पाचव्या दिवशी कॉम्प्युटर जळला. तुमचं काय गेलं, काय राहिलं?”

आर्णीकडच्या एका दुकानात हे करत असताना काकाजी गल्ल्यावर होते आणि त्यांची सून शेजारी बिलं फाडत होती. काकाजी म्हणाले, “काहीच नाही जात, सगळं तिकडं राहते.” सूनबाई मान वर न करता म्हणाल्या, “चार दिवसांचं जाते नं बाबा. नेटच नव्हतं त तिकडं गेलं कसं?” मग त्यांनीच विचारलं, “लॉट नंबर दरवेळी टाइप करा लागते का? जूनमध्ये मले मान वर करायले फुरसत नसते.”

या दोन वाक्यांनी पत्रकात दोन बदल झाले. पहिला: “न गेलेली बिलं कॉम्प्युटर बिघडल्यास परत मिळत नाहीत” हे वाक्य स्पष्टपणे घातलं. दुसरा: लॉट नंबरबद्दल एक नवा प्रश्न आला. माल आल्यावर लॉट नंबर एकदाच टाकायचा. बिलाच्या वेळी तो आपोआप येतो. एकाच वाणाचे दोन लॉट दुकानात असतील तर मात्र पिशवी पाहून त्यातला एक निवडावा लागतो. दुकानात रोज सॉफ्टवेअर वापरणाऱ्या माणसाचा हा पहिला प्रश्न होता आणि तो वहीत एकदाही आला नव्हता, कारण वही घेऊन गेलेला मुलगा प्रत्येक दुकानात फक्त मालकाशी बोलला होता.

जूनमधला प्रसंग

नवं पत्रक मे अखेरीस छापून आलं. पण विक्रीच्या मुलाने मोबाईलवर पाठवायला एक छोटा मजकूर स्वतःच तयार केला, आणि त्यात लिहिलं, “आता तुमचा हिशोब कधीच जाणार नाही.” वाक्य साधं आहे, कोणालाही कळतं, आणि खोटं आहे.

पेरणीच्या गर्दीत एका दुकानाचं नेट वादळाने काही दिवस बंद पडलं. त्यातच विजेचा दाब वरखाली होऊन कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. `Sync Pending` चा आकडा तेव्हा मोठा होता. पत्रक त्या दुकानात पोचलंच नव्हतं. मोबाईलवरचा मजकूर पोचला होता. दुकानदार चिडले ते बिलांपेक्षा त्या वाक्यावर. त्यांनी तो संदेश उघडून फोन मालकांच्या पुढ्यात धरला.

त्या बिलांत बरीच उधारीची होती. दुकानदाराची प्रत्येक बिलाच्या दोन प्रती छापायची जुनी सवय होती, म्हणून निभावलं. कंपनीचे दोघं तिथे बसले आणि दुकानातल्या प्रतींवरून सगळी बिलं पुन्हा भरून दिली. प्रती नसत्या तर कोणत्या शेतकऱ्याने कोणता लॉट नेला हे सांगता आलं नसतं, आणि उगवणीची तक्रार आली असती तर दुकानदाराच्या हातात काहीच नसतं.

यानंतर दोन निर्णय झाले. कोणताही मजकूर, मोबाईलवरचासुद्धा, पत्रकातल्या वाक्यांतूनच उचलायचा. नवं वाक्य बनवायचं नाही. आणि `Sync Pending` चा आकडा ठरावीक मर्यादेपुढे गेला की स्क्रीनवर मराठीत पट्टी येते: “बिलांची दुसरी प्रत अजून गेलेली नाही. मोबाईलचं नेट जोडा, किंवा पेनड्राइव्हवर प्रत घ्या.”

परिणाम

खरीप संपल्यावर जाणवलेला फरक मुख्यतः फोनवर येणाऱ्या प्रश्नांत होता. आधी फोन करणारा “हे नेमकं काय हाय?” इथून सुरू व्हायचा. आता लोक “माझ्याकडे जुना कॉम्प्युटर आहे, चालेल का?” किंवा “मागची उधारी भरून देता का?” असं विचारत होते, म्हणजे पत्रकातलं पटलेलं होतं आणि पुढचं ठरवायचं होतं. घेणारी दुकानंही वाढली. पण ती पत्रकामुळेच वाढली असं मी म्हणणार नाही, कारण त्याच वेळी कंपनीने पहिल्या वर्षाची किंमतही कमी केली होती. दोन्ही एकत्र केल्याने कशाचा किती वाटा हे वेगळं काढता येत नाही.

एक तोटाही झाला. एका मोठ्या घाऊक विक्रेत्याने आणि दोघा कर सल्लागारांनी पत्रक वाचून सांगितलं, की हे लहान दुकानांसाठी दिसतं. त्यांना फाइल कोणत्या स्वरूपात निघते, एचएसएन कोड कसे भरायचे, एकावेळी किती जण बिल करू शकतात हे हवं होतं. त्यांच्यासाठी मागाहून तांत्रिक शब्दांसकट एक वेगळं पान केलं. गावच्या दुकानदाराचा निर्णय बऱ्याचदा कर सल्लागाराच्या एका फोनवर ठरतो, त्यामुळे हे पान आधी व्हायला हवं होतं.

पुन्हा करायचं झालं तर

प्रश्न गोळा करताना गल्ल्यावरच्या मालकाइतकंच बिल फाडणाऱ्या माणसाशी बोलायला हवं. बऱ्याच दुकानांत ती सून, मुलगी किंवा दहावी झालेला भाचा असतो. किंमत आणि मजकूर यांतलं एका हंगामात एकच बदलायला हवं. आणि विक्रीला फिरणाऱ्या मुलाला पत्रक नुसतं हातात न देता, जी तपासणी दुकानदारांवर केली तीच आधी त्याच्यावर करायला हवी होती: चार दिवस नेट नाही, पाचव्या दिवशी कॉम्प्युटर जळला, सांग काय गेलं. त्याला हे नीट सांगता आलं असतं तर ‘कधीच जाणार नाही’ हे वाक्य त्याच्या हातून लिहिलं गेलं नसतं.

एक प्रश्न कंपनीने अजून सोडवलेला नाही. उधारीची आठवण शेतकऱ्याला आपोआप संदेशाने जावी अशी सोय तयार आहे, पण पत्रकात ती कशी लिहायची यावर दुकानदारांतच दोन मतं आहेत. काहींना ती हवी आहे. काहींचं म्हणणं, की कापूस विकायच्या आधी असा संदेश गेला तर पुढच्या मृगाला तो शेतकरी शेजारच्या दुकानात जाईल. सध्या ही सोय बंद ठेवूनच सॉफ्टवेअर दिलं जातं, आणि पत्रकात एवढंच लिहिलं आहे: “उधारीचा संदेश तुम्ही नाव निवडून पाठवला तरच जातो.”